पगार युरोत, कर नाशकात

उदाहरण म्हणून एका तरुणीचं एक वर्ष घेऊ. ती नाशिकला घरी बसून म्युनिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. कंपनीचं भारतात ऑफिस नाही, शाखा नाही. नेमणूकपत्र थेट म्युनिकहून आलं आहे. पगार महिन्याला ३,५०० युरो, दर महिन्याच्या अखेरीस देय. एप्रिल, मे आणि जून २०२५ या पहिल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांत ‘लोनश्टॉयर’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे ६०० युरोंची वजावट. लोनश्टॉयर म्हणजे जर्मनीत पगारातून कापला जाणारा आयकर. जुलैपासून ती ओळ दिसेनाशी झाली. ऑक्टोबरचा पूर्ण महिना ती रीतसर व्हिसा काढून म्युनिकच्या ऑफिसात काम करून आली, आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकात ६०० युरोंची तीच ओळ पुन्हा उगवली.

मार्च २०२६ संपला तेव्हा तिच्याकडे एकूण २,४०० युरो जर्मन कर कापल्याचे कागद होते. एवढा कर तिकडे भरला आहे, तेव्हा इथल्या करातून तो वजा होईलच, असं तिला वाटणं स्वाभाविक आहे. दुहेरी कर टाळण्याचा करार दोन देशांत आहे, हेही तिने ऐकलेलं असतं. तरीही त्या २,४०० पैकी फक्त ऑक्टोबरचे ६०० युरो तिला भारतात वजा करून मिळतील. बाकीच्या १,८०० युरोंसाठी भारताचं आयकर खातं एक पैसाही सोडणार नाही, आणि नियमाने पाहिलं तर सोडूही नये. दोन्ही वेळी कंपनी तीच, चलन तेच, कापलेली रक्कमही तेवढीच. फरक एवढाच की तीन महिने ती नाशकात बसून काम करत होती आणि एक महिना म्युनिकमध्ये.

परदेशी पगाराच्या करात बहुतेकांची गल्लत इथेच होते. पैसा कुठून आला, कोणत्या चलनात आला, कोणत्या खात्यात पडला यावर कर ठरतो असं लोक धरून चालतात. नोकरीच्या पगाराला मात्र कायदा पहिला प्रश्न विचारतो तो हा: काम करताना तुम्ही कुठे होता?

भारताच्या बाजूने पाहू. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती करासाठी ‘निवासी’ ठरते. आपली नाशिकची तरुणी अकरा महिने इथेच होती आणि आधीची सगळी वर्षंही इथेच राहिली आहे, म्हणजे ती पूर्ण अर्थाने निवासी आहे. अशा व्यक्तीच्या जगभरच्या उत्पन्नावर भारत कर लावतो. पगार जर्मनीतल्या खात्यात ठेवला आणि भारतात आणलाच नाही, तरी त्याने काही बदलत नाही. ‘पैसे इकडे आणेपर्यंत कर नाही’ ही समजूत अजून बऱ्याच घरांत आहे आणि ती चुकीची आहे. दुसरी गोष्ट, आयकर कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतात केलेल्या कामाचा पगार हा भारतातच निर्माण झालेलं उत्पन्न मानला जातो, मग देणारा मालक म्युनिकचा असो की मेलबर्नचा. म्हणून तिचा अकरा महिन्यांचा पगार ‘परदेशी उत्पन्न’ नाहीच. तो युरोत मिळालेला भारतीय पगार आहे.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो, म्हणून इथे जुनेच क्रमांक दिले आहेत. वर सांगितलेली मूळ तत्त्वं नव्या कायद्यातही तीच आहेत.)

आता करार. भारत आणि जर्मनीमधला करार १९९५ चा आहे. त्याच्या अनुच्छेद १५ चा आशय साध्या शब्दांत असा: एका देशाच्या रहिवाशाच्या नोकरीच्या पगारावर फक्त त्याच देशाने कर लावायचा, दुसऱ्या देशात जाऊन प्रत्यक्ष काम केलं असेल, तरच त्या कामापुरता दुसऱ्या देशाचा हक्क. अमेरिकेबरोबरच्या आणि ब्रिटनबरोबरच्या करारांतही हीच रचना आहे. त्या दोन्ही करारांत हा विषय अनुच्छेद १६ मध्ये येतो.

म्हणजे एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या पगारावर करारानुसार जर्मनीला कर लावण्याचा अधिकारच नव्हता. कंपनीच्या पगार विभागाने तिला सवयीने म्युनिकच्या कर्मचाऱ्यांसारखंच धरलं आणि कर कापला. भारताच्या नियमात, म्हणजे नियम १२८ मध्ये, याबद्दल स्पष्ट तरतूद आहे: करारानुसार जेवढा कर देय होता त्याहून जास्त परदेशात भरला असेल, तर ती जास्तीची रक्कम हिशेबात धरायची नाही. इथे देय कर शून्य होता, म्हणून १,८०० च्या १,८०० युरो ‘जास्तीचे’ ठरतात. ऐकायला हे कठोर वाटतं, पण त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. जर्मनीने हक्क नसताना घेतलेला पैसा भारताने आपल्या तिजोरीतून का भरून द्यावा? तो पैसा ज्याने घेतला त्यानेच परत करायचा.

करार नसलेल्या देशांसाठी भारताने कलम ९१ मध्ये स्वतःहून सवलत दिली आहे. तिथेही अट तीच: ते उत्पन्न भारताबाहेर निर्माण झालेलं हवं. करार नसलेल्या देशातल्या कंपनीने नाशकात केलेल्या कामाच्या पगारातून कर कापला, तर कलम ९१ सुद्धा मदतीला येत नाही. म्हणून चुकीने कापला जाणारा कर सुरुवातीलाच थांबवणं हा खरा उपाय आहे.

तो थांबवायचा कसा? पहिला पगार व्हायच्या आधी कंपनीला लेखी कळवायचं की मी भारताची रहिवासी आहे आणि काम भारतातून करणार आहे. पाठोपाठ भारताच्या आयकर खात्याकडून रहिवासाचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्यासाठी फॉर्म १०एफए मध्ये अर्ज करायचा. आपल्या आयकर अधिकाऱ्याकडून फॉर्म १०एफबी मध्ये प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून जर्मन कर कार्यालयाकडून कपातीतून सूट मागता येते. कपात होऊन गेली असेल आणि वर्ष संपलं नसेल, तर कंपनी पुढच्या पगारपत्रकात स्वतःच दुरुस्ती करू शकते. हा मार्ग सगळ्यात सोपा आहे, म्हणूनच दर महिन्याचं पगारपत्रक उघडून, ओळ न् ओळ वाचून बघणं महत्त्वाचं. वर्ष उलटलं तर जर्मनीतल्या कर कार्यालयाकडे परताव्याचा अर्ज करावा लागतो. त्यात वेळ जातो आणि कागद जर्मन भाषेत असतात. तरीही १,८०० युरो, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वरची रक्कम, सोडून देण्याजोगी नाही.

पगारपत्रकात आणखी एक गोष्ट पाहायची. निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, बेकारी विमा अशा नावांनी कापलेली रक्कम ही सामाजिक सुरक्षेची वर्गणी असते. करारात ज्याला आयकर म्हटलं आहे, त्यात ती येत नाही. तिची वजावट भारतातल्या करातून मागू नये. ‘एकूण कपात’ हा एकच आकडा उचलून विवरणपत्रात टाकणारे बरेच जण असतात, आणि खात्याची चौकशी तिथूनच सुरू होते.

आता युरोचे रुपये करू. बँकेत जमा झालेले रुपये म्हणजेच पगार, असं मानून बेरीज करणं सोपं आहे, पण नियम तसा नाही. पगारासाठी नियम ११५ सांगतो की ज्या महिन्यात पगार देय झाला, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी स्टेट बँकेचा जो टीटी खरेदी दर होता, तो लावायचा. टीटी खरेदी दर म्हणजे तारेने आलेलं परकीय चलन बँक ज्या भावाने विकत घेते तो दर. तिचा जुलैचा पगार ३१ जुलैला देय झाला, म्हणून दर घ्यायचा ३० जूनचा. पैसे बँकेत २ ऑगस्टला आले आणि बँकेने त्या दिवशीच्या वेगळ्या भावाने रुपये केले, तरी करासाठी ३० जूनचाच दर. युरो चढत असेल तर करासाठीचा आकडा हातात आलेल्या रुपयांपेक्षा कमी येतो, उतरत असेल तर जास्त. दोन्ही बाजूंनी हे स्वीकारावं लागतं. सोयीचा महिना बघून दर बदलता येत नाही.

याच नियमातून मार्चचाही प्रश्न सुटतो. मार्च २०२६ चा पगार ३१ मार्चला देय झाला आणि हातात एप्रिलमध्ये पडला, तरी तो २०२५-२६ मध्येच मोजायचा. पगार देय झाला की मिळाला, यांतलं जे आधी घडेल ते कायदा धरतो. स्टेट बँक आपले दर रोज जाहीर करते. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा तो दरांचा कागद लगेच उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवावा. वर्षभराने जुना दर शोधायला बसलं की फार वेळ जातो, आणि कुठल्यातरी वेबसाइटवर मिळालेला बाजारभाव हा टीटी खरेदी दर नसतो.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून बाराही महिने दर १०० रुपये धरू. प्रत्यक्षात तो दर महिन्याला वेगळा असेल. वर्षाचे ४२,००० युरो म्हणजे ४२ लाख रुपये. इथे एक काळजी घ्यायची: कापलेल्या जर्मन करासकट पूर्ण पगार धरायचा, हातात आलेला नव्हे. मालक परदेशी असला तरी नोकरदाराची प्रमाणित वजावट तिला मिळते, नव्या कररचनेत ती ७५,००० रुपये आहे. करपात्र उत्पन्न राहिलं ४१ लाख २५ हजार. २०२५-२६ च्या नव्या टप्प्यांनुसार पहिल्या २४ लाखांवर ३ लाख रुपये कर होतो आणि वरच्या १७ लाख २५ हजारांवर ३० टक्क्यांनी ५ लाख १७ हजार ५००. त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ८ लाख ५० हजार २०० रुपये.

इथल्या कंपनीत ही रक्कम दर महिन्याला थोडी थोडी टीडीएसमधून गेली असती. तिच्या बाबतीत एक रुपयाही कापला गेलेला नाही. भारतात करपात्र असलेल्या पगारातून कर कापायची जबाबदारी कायद्याने परदेशी मालकावरही येते. पण भारतात पाऊलही नसलेली कंपनी त्यासाठी इथे नोंदणी करून टॅन नंबर घेते, असं क्वचितच घडतं. ‘कंपनीने कापायला हवा होता’ हा युक्तिवाद तिला वाचवत नाही. कर न कापता पैसे मिळाले असतील तर मिळणाऱ्याने स्वतः आगाऊ कर भरायचा, असं कायद्यातच म्हटलं आहे. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण.

हे न करता जुलै २०२६ मध्ये विवरणपत्र भरतानाच सगळा कर एकदम भरला तर काय होईल? ऑक्टोबरच्या जर्मन कराचे ६०,००० वजा जाता तिचा कर ७ लाख ९० हजार २०० राहतो. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी चं सुमारे ३९,९०० रुपये व्याज लागेल, आणि वर्षअखेरपर्यंत कर न भरल्याबद्दल कलम २३४बी चं, एप्रिल ते जुलै असे चार महिने दरमहा एक टक्क्याने, ३१,६०० रुपये. दोन्ही मिळून ७१,५०० रुपये, म्हणजे तिच्या पगारातले सहा दिवस. विवरणपत्र वेळेत भरलं, एक रुपयाचंही उत्पन्न लपवलं नाही, तरीही हे व्याज चुकत नाही. परदेशी मालकाकडे नोकरी धरणाऱ्याने पगार जमा झाला की लगेच त्यातला कराचा वाटा दुसऱ्या खात्यात टाकावा, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं. मार्चमध्ये आठ लाख एकदम उभे करणं कोणालाही जड जातं.

ऑक्टोबर महिना मात्र खऱ्या अर्थाने दुहेरी कराचा आहे. काम म्युनिकमध्ये झालं म्हणून जर्मनीचा हक्क आहे, आणि ती भारताची निवासी म्हणून भारताचाही. इथे बरेच जण १८३ दिवसांचा दाखला देतात: ‘मी तर एकच महिना होते, १८३ दिवसांच्या आत कर लागत नाही.’ करारात ही सवलत आहे, पण तिला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. त्या देशातला मुक्काम १८३ दिवसांच्या आत हवा, पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नसावा, आणि मालकाच्या तिथल्या एखाद्या कायम ठिकाणावर त्या पगाराचा बोजा पडलेला नसावा. तिची पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही. मालक जर्मनच आहे. म्हणून एक महिनाच काय, एका आठवड्याचं काम असतं तरी त्यावर जर्मनीचा हक्क राहिला असता.

याच तीन अटी उलट दिशेने कशा लागू होतात तेही बघण्यासारखं आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेला एक पुणेकर गणपतीला घरी येतो, दोन महिने राहतो आणि आई-वडिलांच्या घरातून आपल्या अमेरिकन कंपनीचं काम चालू ठेवतो. त्या दोन महिन्यांचा पगार भारतात केलेल्या कामाचा आहे, त्यामुळे कलम ९ प्रमाणे तो भारतीय उत्पन्नच ठरतो, जरी माणूस अनिवासी असला आणि पगार अमेरिकेतल्या बँकेत पडत असला तरी. त्याला सोडवतो तो करार. मुक्काम १८३ दिवसांच्या आत, मालक भारतीय नाही, आणि भारतात कंपनीचं कायम ठिकाण नाही. तिन्ही अटी पुऱ्या, म्हणून भारतात कर नाही. विचारणा झाली तर अमेरिकेचं रहिवासाचं प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा फॉर्म १०एफ दाखवता यायला हवा. पण वडिलांचं आजारपण लांबलं आणि मुक्काम आठ महिन्यांवर गेला, तर पहिलीच अट तुटते आणि तो भारतात निवासीही ठरू शकतो. मग इथे केलेल्या कामाच्या पगारावर इथे कर भरून त्याची वजावट अमेरिकेत मागायची वेळ येते. त्याच्या कंपनीची पुण्यात शाखा असेल आणि पगाराचा खर्च त्या शाखेच्या खात्यात टाकला जात असेल, तर दोन महिन्यांच्या मुक्कामातही तिसरी अट तुटते.

परत नाशिकच्या तरुणीकडे. ऑक्टोबरच्या पगारावर जर्मनीने ६०० युरो घेतले, म्हणजे ६०,००० रुपये. कराची रक्कम रुपयांत बदलतानाही तोच नियम: कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा टीटी खरेदी दर, म्हणजे ३० सप्टेंबरचा. भारताने त्याच पगारावर किती कर लावला? वर्षाचा कर ८,५०,२०० आणि पगार बाराही महिने सारखा, म्हणून ऑक्टोबरच्या वाट्याला त्याचा बारावा भाग, ७०,८५० रुपये. दोन्हींपैकी जो कमी तेवढी वजावट मिळते. म्हणून तिला पूर्ण ६०,००० मिळतील. जर्मनीने ६०० ऐवजी ८०० युरो घेतले असते, तर ८०,००० पैकी ७०,८५० च वजा झाले असते. उरलेले ९,१५० रुपये भारत परत देत नाही. करार दोनदा कर भरण्यापासून वाचवतो. दोन देशांपैकी ज्याचा कर जास्त, तेवढा शेवटी पडतोच. ही वजावट करातून आणि उपकरातून होते, व्याजातून किंवा दंडातून होत नाही.

इथे नेमणूकपत्राबद्दल थांबून बोलायला हवं, कारण हा सगळा हिशेब ती ‘नोकर’ आहे या गृहीतावर उभा आहे. इथे नोंदणी करायची कटकट नको म्हणून पुष्कळ परदेशी कंपन्या माणसाला कर्मचारी न करता कंत्राटदार म्हणून घेतात. बोलीभाषेत दोन्हीला ‘पगार’च म्हणतात. करारपत्रात रजा, नोटीस, कामाच्या वेळा, वरिष्ठ या गोष्टी असतील तर ती नोकरी. आणि दर महिन्याला आपणच बिल पाठवायचं, दुसरी कामं घ्यायची मुभा, कामाच्या निकालावर मोबदला, असं असेल तर तो व्यवसाय. व्यवसाय असेल तर प्रमाणित वजावट मिळत नाही, पण खर्च वजा करता येतात. तांत्रिक सल्ल्यासारख्या ठरावीक व्यवसायांत कलम ४४एडीए खाली निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची सोय आहे. वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते, मग सेवा निर्यात असल्याने त्यावर कर शून्य असला तरी. चलनाचा नियमही इथे वेगळा चालतो: रीतसर भारतात आणलेल्या व्यवसायाच्या पैशाला पगाराचा तो ठरावीक दर लागू होत नाही. निम्मंच उत्पन्न दाखवता येतं म्हणून नोकरीलाच व्यवसाय म्हणण्याचा मोह होतो. कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध काय आहे हे खातं पाहतं, आणि तसं पाहणं बरोबर आहे.

आता विवरणपत्र. परदेशी कराची सवलत मागायची असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. पगाराच्या तक्त्यात मालक म्हणून म्युनिकच्या कंपनीचं नाव आणि पत्ता द्यायचा. टॅन नाही, फॉर्म १६ नाही, म्हणून नेमणूकपत्र, बारा पगारपत्रकं आणि बँकेकडून मिळालेले परदेशी रक्कम आल्याचे दाखले हाच तिचा पुरावा. परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात, म्हणजे एफएसआयमध्ये, फक्त ऑक्टोबरचा पगार दाखवायचा. पूर्ण ४२ लाख तिथे टाकले की आपणच आपल्या हाताने लिहून दिल्यासारखं होतं की काम परदेशात झालं. तो ऑक्टोबरचा पगार पगाराच्या मुख्य बेरजेतही असतोच. एफएसआयमध्ये तो फक्त ओळखून दाखवायचा असतो. वजावटीची रक्कम टीआर या तक्त्यात येते.

वजावट मिळवण्यासाठी विवरणपत्राबरोबर फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. सोबत कर कापल्याचा पुरावा: तिथल्या कर कार्यालयाचं किंवा कर कापणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर आपण सही केलेलं निवेदन आणि कपातीचा पुरावा. पूर्वी हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीतच भरावा लागे आणि एका दिवसाच्या उशिराने पूर्ण वजावट नाकारली जाई. बंगळुरूच्या अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये म्हटलं की हा फॉर्म कार्यपद्धतीचा भाग आहे, त्याच्या उशिराने हक्क जात नाही. २०२२ मध्ये नियमच बदलला, आणि आता मूळ किंवा विलंबित विवरणपत्र भरलेलं असेल तर करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे तिच्यासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत, तो भरता येतो. तरीही विवरणपत्राच्या आधीच तो भरून ठेवणं शहाणपणाचं. फॉर्म ६७ नसताना विवरणपत्राची छाननी झाली, तर संगणक ६०,००० ची वजावट काढून टाकतो आणि मागणीची नोटीस येते.

ऑक्टोबरमध्ये तिने म्युनिकला बँकेत खातं उघडलं होतं आणि त्यात थोडे युरो शिल्लक राहिले. ते खातं परदेशी मालमत्तेच्या एफए तक्त्यात दाखवणं बंधनकारक आहे, व्याज शून्य असलं तरी. कंपनीने शेअर दिले असतील तर तेही. हा एकच तक्ता कॅलेंडर वर्षाने, जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा असतो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. जागा-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. दाखवण्याची सक्ती मात्र तशीच आहे.

राहिले ते १,८०० युरो. जर्मनीहून ते परत आले की तिच्या नाशिकच्या खात्यात एक मोठी परदेशी रक्कम जमा झालेली दिसेल. ते नवं उत्पन्न नाही. एप्रिल ते जूनचा पूर्ण पगार तिने आधीच भारतात दाखवला आहे आणि त्यावर कर भरला आहे. परताव्याचा जर्मन आदेश त्या तीन पगारपत्रकांना जोडून ठेवला की पुढे कधी विचारणा झाली तर उत्तर तयार असतं.